शिक्षेच्या सुनावणीत पीडिताचे निवेदन : विधी व न्याय विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण

महोदय,

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. बरीच वर्षे मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे येते, अधूनमधून आरोपीचे वकीलपत्रही घेते. दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या एका प्रश्नाबद्दल हे पत्र आहे.

मल्लिकार्जुन कोडगली खटल्याच्या निकालात १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की, शिक्षा ठरवताना पीडिताचेही ऐकून घेण्याचा गांभीर्याने विचार व्हावा आणि ‘व्हिक्टिम इम्पॅक्ट स्टेटमेंट’ला, म्हणजे गुन्ह्याचा आपल्यावर काय परिणाम झाला हे सांगणाऱ्या निवेदनाला, मान्यता मिळावी. त्यानंतर नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १ जुलै २०२४ पासून लागूही झाली. पण तिच्या कलम २५८(२) मध्ये जुनेच वाक्य आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकावे, एवढेच. पीडिताचा तिथे उल्लेख नाही. ही जागा आज ना उद्या भरली जाईल, राज्याच्या दुरुस्तीने, उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधून किंवा प्राधिकरणाने तयार केलेल्या एखाद्या नमुन्यातून. ती जरूर भरावी. पण अशा निवेदनात काय लिहिता येईल आणि न्यायाधीशांनी ते कशासाठी वापरायचे, हे आधी ठरवले नाही तर पीडिताचेही नुकसान होईल आणि शिक्षेचेही.

आज ही सुनावणी कशी होते ते आपणास माहीत आहेच, पण न्यायालयात कधी न गेलेल्या वाचकांसाठी सांगते. दोषसिद्धीचा निकाल वाचून होतो. बहुतेकदा त्याच दिवशी, फार तर एकदोन दिवसांनी, न्यायाधीश आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का? आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो : तरुण आहे, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईवडील, लहान मुले, कमावता हाच. सरकारी वकील म्हणतात : गुन्हा गंभीर आहे, कठोरात कठोर शिक्षा व्हावी. हे सगळे पाच-दहा मिनिटांत आटोपते. फिर्यादी मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला वकील नेमून साहाय्य करण्याची मुभा कलम १८(८) खाली मिळते, पण तो वकीलही शिक्षेच्या टप्प्यावर फार तर सरकारी वकिलांच्या कानाशी लागून दोन गोष्टी सांगतो. आरोपीच्या मुलांचा उल्लेख रोजनाम्यात होतो आणि मेलेल्याच्या मुलांचा होत नाही, हे त्या बाकावर बसलेल्या माणसाला दिसते आणि ते लागते. निवेदनाची मागणी इथून येते आणि ती खोटी नाही.

निवेदनाची खरी निकड कुठे आहे, ते आधी सांगते, कारण तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती खुनाच्या खटल्यांत नाही, दुखापतीच्या खटल्यांत आहे.

समजा, शेताच्या बांधावरून भांडण झाले आणि एका गवंड्याच्या उजव्या मनगटावर कोयत्याचा वार बसला. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याच रात्री दुखापतीचे प्रमाणपत्र लिहिले : जखमेची लांबी-रुंदी, हाड मोडले, धारदार हत्यार, दुखापत गंभीर. पोलिसांनी ते दोषारोपपत्राला जोडले, पुढे डॉक्टरांच्या साक्षीत त्याला निशाणी क्रमांक पडला. खटला चार-पाच वर्षांनी निकाली निघाला. त्या वर्षांत काय झाले? मनगट जुळले, पण बोटे वळेनात. थापी हातात धरता येईना. तो मजूर म्हणून विटा वाहू लागला, रोज निम्म्यावर आला, शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फिटले नाही, मुलीची शाळा सुटली. यातली एकही गोष्ट न्यायालयाच्या कागदांत नाही. कागद त्या पहिल्या रात्रीपाशी थांबलेला आहे. साक्षीच्या वेळी सरकारी वकील घटनेबद्दल विचारतात, कारण सिद्ध करायची असते ती घटना. पुढचे कोणी विचारत नाही.

आता कायदा बघा. धारदार हत्याराने गंभीर दुखापत केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(२) खाली किमान एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत, किंवा जन्मठेपही, देता येते. एवढी मोठी पट्टी आणि तिच्यावर बोट कुठे ठेवायचे हे सांगणारे जवळजवळ काहीच नाही. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार करता न येणे हेही बसते आणि कायमचा निकामी झालेला हातही बसतो. दोन्ही ‘गंभीर’च. वाराने प्रत्यक्षात काय केले हे न्यायाधीशांना कळले नाही, तर प्रमाणशीर शिक्षा कशाच्या प्रमाणात द्यायची? इथे गवंड्याचे निवेदन शिक्षेला वाकडे वळण देत नाही. आरोपीने केलेल्या कृत्याचे आकारमान ते दाखवते. शिवाय ते तपासता येते : अपंगत्वाचे प्रमाणपत्र, सोनोग्राफी-एक्सरे, दवाखान्याची बिले, पतसंस्थेचा कर्जखाते उतारा. आरोपीच्या वकिलाला शंका असेल तर तो लेखी हरकत घेऊ शकतो. शिक्षा सौम्य झाल्याचे गाऱ्हाणे आपण ऐकतो त्यातल्या कितीतरी खटल्यांत न्यायाधीश कनवाळू नसतात, त्यांच्यापुढे कागदच नसतो.

खुनाच्या खटल्यात चित्र उलटे होते. सत्र न्यायालयापुढे खुनाच्या शिक्षेला पट्टीच नाही. जन्मठेप किंवा फाशी, दोनच पर्याय. माफीशिवाय वीस-पंचवीस-तीस वर्षे ठरवून देण्याचा तिसरा मार्ग आहे, पण श्रीहरन प्रकरणातील २०१५ च्या निकालानुसार तो फक्त उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयालाच खुला आहे. म्हणजे सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यातले निवेदन काही बदलू शकत असेल, तर ते जन्मठेपेची फाशी करू शकते. दुसरे काहीही करू शकत नाही. हे लक्षात न घेता ‘सर्व गंभीर गुन्ह्यांत निवेदन घ्यावे’ असे परिपत्रक निघाले, तर आपण न कळत प्रत्येक शोकाकुल कुटुंबाला फाशीच्या मागणीचा फॉर्म देऊ.

या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार वर्षांच्या अंतराने दोन उलटसुलट निकाल दिले आहेत. त्यांतले तपशील आपल्याला उपयोगाचे आहेत, म्हणून जरा थांबते.

पहिला बूथ विरुद्ध मेरिलँड, १९८७. बाल्टिमोरमध्ये एका वृद्ध दांपत्याचा शेजारच्याच माणसाने चोरीच्या वेळी खून केला. ते आपल्याला ओळखतात, म्हणून मारले. मेरिलँडच्या कायद्यानुसार कुटुंबीयांच्या मुलाखती घेऊन निवेदन तयार झाले आणि ज्यूरीला वाचून दाखवले गेले. त्यात होते : मुलाला झोप लागत नाही, मुलगी म्हणते माझ्या आईवडिलांना जनावरांसारखे कापले, असे करणाऱ्याला माफी नाही. प्रेते सापडल्यानंतर काहीच दिवसांत घरात एक लग्न ठरलेले होते. ते रडतच पार पडले आणि नवरी मधुचंद्राला जाण्याऐवजी अंत्यविधीला गेली. यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरीही न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशी निवेदने फाशीच्या खटल्यात वर्ज्य ठरवली. न्या. पॉवेल यांचा मुद्दा साधा होता : त्या घरात लग्न आहे की नाही, मुलांना दुःख शब्दांत मांडता येते की नाही, मुळात मागे कोणी नातेवाईक आहेत की नाहीत, यांचा मारेकऱ्याच्या दोषाशी संबंध नाही. आणि या गोष्टी खोडायला बचाव पक्ष उभा राहिला, तर मेलेल्या माणसाच्या चारित्र्याचाच खटला सुरू होईल.

दुसरा पेन विरुद्ध टेनेसी, १९९१. तिथे एका तरुण आईचा आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलीचा खून झाला होता. तीन वर्षांचा मुलगा जखमी होऊन वाचला. आजीने साक्षीत सांगितले की तो आईसाठी रडतो, ती घरी का येत नाही ते त्याला कळत नाही, आणि बहिणीसाठीही रडतो. या वेळी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी बूथ उलटवला. आरोपी आपल्या आयुष्याबद्दल हवे ते सांगू शकतो, मग मृताबद्दल एक ओळही का नाही, हे त्यांचे म्हणणे. ते मनाला पटते, हे मान्य करायला हवे. पण पेनमध्येही एक भिंत शाबूत राहिली, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. कुटुंबाने गुन्हेगाराबद्दल मत देणे आणि अमुक शिक्षा द्या म्हणणे यावरची बंदी उठलेली नाही, असे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये बॉसी विरुद्ध ओक्लाहोमा प्रकरणात पुन्हा बजावले. (पेनची फाशी २०२१ मध्ये रद्द झाली, बौद्धिक अक्षमतेच्या कारणाने. ती गोष्ट ज्यूरीच्या मनात त्या रडणाऱ्या मुलासमोर कितपत टिकली असती, कोण जाणे.)

‘आरोपीचे ऐकता, मग आमचेही ऐका’ ही बरोबरी आपल्याकडे आणखी लंगडी पडते. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या मे २०२२ च्या निकालानंतर फाशीच्या खटल्यात आरोपीची पार्श्वभूमी, तुरुंगातील वर्तन, मानसिक स्थिती यांचे अहवाल मागवावे लागतात, आणि पीडितांचे वकील यावर नाराज असतात. पण सप्टेंबर २०२२ मध्ये हाच विषय पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की गुन्ह्याची क्रूरता पुराव्यातून आधीच नोंदीवर आलेली असते, तर आरोपीच्या बाजूच्या गोष्टी मांडायला दोषसिद्धीनंतरच पहिली संधी मिळते. शवविच्छेदनाचा अहवाल, प्रत्यक्षदर्शी विधवेची साक्ष, घटनास्थळाचे फोटो हे सगळे शिक्षेआधीच न्यायाधीशांनी पाहिलेले असते. दोन पारडी सुरुवातीपासून समान नसतात.

विषमतेचा प्रश्न फाशीपुरता नाही. सदोष मनुष्यवधाचे दोन खटले घेऊ, कल्पित, पण असे दोन खटले एकाच न्यायालयात एकाच महिन्यात चालू शकतात. दोन्हींत भांडणात डोक्यात काठी घातली, दोन्हींत हेतू सिद्ध झाला नाही, जाणीव सिद्ध झाली, कलम तेच, कमाल दहा वर्षे. पहिल्यात मेलेला माध्यमिक शिक्षक. त्याच्या पत्नीने समुपदेशकाच्या मदतीने पाच पानांचे निवेदन लिहिले, विद्यार्थ्यांची पत्रे जोडली. दुसऱ्यात मेलेला ऊसतोड कामगार. त्याचा भाऊ शिक्षेच्या दिवशी तीन जिल्हे पलीकडच्या फडावर, मुकादमाची उचल अंगावर, समन्स गावच्या पत्त्यावरून परत आलेले. पहिल्या आरोपीला आठ वर्षे आणि दुसऱ्याला पाच झाली, तर मधली तीन वर्षे कशाची? काठी तीच, दोष तोच. फरक पाच पानांचा. आणि न्यायालयाने अप्रत्यक्षपणे सांगितलेले असते की शिक्षकाचा जीव मजुराच्या जीवापेक्षा तीन वर्षांनी महाग.

इंग्लंडमध्ये २००१ पासून अशी निवेदने घेतली जातात आणि तिथे हा धोका काबूत ठेवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, पर्किन्स प्रकरणात २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घालून दिलेली शिस्त : निवेदन हा पुरावा आहे, ते लेखी आणि आधी बचाव पक्षाला मिळाले पाहिजे, त्याला आव्हान देता आले पाहिजे, आणि शिक्षा किती असावी याबद्दल त्यात लिहिलेले न्यायाधीशांनी विचारात घ्यायचे नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हानीचे वर्ग ठरलेले, प्रत्येक वर्गाला सुरुवातीचा आकडा आणि खालची-वरची मर्यादा. निवेदन त्या चौकटीत हानीचा वर्ग ठरवायला मदत करते आणि तिथे थांबते. आपल्याकडे अशी तत्त्वे नाहीत. मलिमथ समितीने २००३ मध्ये ती मागितली, सर्वोच्च न्यायालयाने सोमन विरुद्ध केरळ प्रकरणात त्यांच्या अभावाबद्दल लिहिले, ती आलेली नाहीत. माप नसताना निवेदन आणले, तर ते निवेदनच माप होऊन बसेल.

आणि आपल्या गावांत याचे आणखी एक रूप दिसेल, ज्याची लंडनमध्ये कल्पना करणे कठीण आहे. निवेदनाने शिक्षा वाढू शकते हे गावाला कळले, की निवेदनाला किंमत येईल. ‘माझी काही तक्रार नाही, मी माफ केले’ असे लिहून घेण्यासाठी सरपंच येतील, भावकी बसेल, पैसे पुढे होतील. फिर्यादी दलित आणि आरोपी जमीनदार घरातला असेल, तर पाणी-रस्ता-रोजगार बंद होईल. आज साक्षीदार फितूर करण्याची जी यंत्रणा आहे, तिला शिक्षेच्या टप्प्यावर नवे काम मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने शिंभू विरुद्ध हरियाणा प्रकरणात २०१३ मध्ये बलात्काराच्या खटल्यात तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही असे सांगितले, ते अशाच दबावाच्या अनुभवातून. इंग्लंडच्या नन प्रकरणात १९९६ मध्ये, वाहन अपघातात मेलेल्या मुलाच्या आईने आरोपीसाठी दया मागितली तेव्हा, तिथल्या न्यायालयाने म्हटले की पीडिताच्या मतावर शिक्षा ठरू लागली तर एकसारख्या गुन्ह्यांना वेगवेगळी शिक्षा होईल. (त्या आईचे दुःख शिक्षेनेच वाढत होते म्हणून त्यांनी ती चारवरून तीन वर्षांवर आणली. अपवाद किती अरुंद ठेवला ते पाहा.) वाढवण्याचे दार बंद ठेवले, तरच कमी करवून घेण्याचे दारही बंद राहते.

पीडितांना याचा उपयोग होतो का? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डेव्हिस व स्मिथ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पीडितांचे चिठ्ठ्या टाकून गट केले होते. निवेदन घेतलेल्यांचे समाधान न घेतलेल्यांपेक्षा वाढलेले आढळले नाही, आणि शिक्षेतही फरक पडला नाही. एका प्रयोगावर धोरण ठरवू नये, पण माझ्याकडे येणारी माणसे पाहता मला याचे आश्चर्य वाटत नाही. ‘तुमचे म्हणणे लिहून द्या, साहेब वाचतील’ असे कोणीतरी सांगते. माणूस मनातले सगळे ओततो. निकालात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नसतो. आपण बोललो आणि कोणी ऐकले नाही, ही दुखापत न बोलण्यापेक्षा खोल असते. निवेदनाने त्याला बरे वाटायचे असेल, तर ते कशासाठी घेतले आणि त्याचे काय झाले, हे त्याला आधी आणि नंतर सांगितले पाहिजे.

म्हणून माझी विनंती नमुन्यापासून सुरू होते. प्राधिकरणाने तालुका समित्यांना एक छापील नमुना द्यावा आणि पॅनेलवरील वकील किंवा विधी स्वयंसेवकाने पीडिताच्या घरी जाऊन, त्याच्या बोलीत ऐकून, तो भरावा. फडावर असलेल्या भावालाही फोनवर गाठावे, म्हणजे पाच पाने आणि शून्य पाने हा फरक मिटेल. नमुन्यात शरीरावर, कामावर, उत्पन्नावर, कर्जावर, मुलांच्या शिक्षणावर, झोप-भीती-औषधांवर झालेला परिणाम असावा, शक्य तिथे कागदासह. मृत व्यक्ती किती चांगली होती आणि आरोपीला काय शिक्षा व्हावी, यांसाठी रकाना नसावा. तो रकाना नाही याचे कारण पीडिताला तोंडी समजावून सांगावे, कारण तो विचारेलच. पत्ता आणि फोन निवेदनाच्या प्रतीवर नसावा, कारण ती प्रत आरोपीच्या हातात जाणार आहे.

ही प्रत शिक्षेच्या सुनावणीच्या निदान सात दिवस आधी बचाव पक्षाला द्यावी, म्हणजे दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दुपारी उरकण्याची सवयही थोडी सुटेल. दुखापतीच्या गुन्ह्यांत न्यायाधीशांनी हानीचे स्वरूप ठरवण्यासाठी निवेदन वापरावे आणि निकालपत्रात तसे लिहावे. मृत्यूच्या गुन्ह्यांत ते फक्त भरपाईसाठी वापरावे. खुनाच्या खटल्यात तर जन्मठेप की फाशी हे ठरल्यानंतरच ते लखोट्यातून बाहेर काढावे.

भरपाईचा रस्ता तयार आहे, तो वापरला जात नाही. अंकुश शिवाजी गायकवाड या आपल्याच राज्यातल्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे आणि दिली नाही तर कारण देणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५ आणि राज्याच्या योजनेसाठी ३९६ आहे. निकालपत्रांत अजूनही दंडाच्या रकमेतून काही हजार फिर्यादीस द्यावेत एवढ्यावर हा विषय संपतो, कारण घराचे काय झाले याचा हिशेब समोर नसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये करण प्रकरणात पीडित-परिणाम अहवालाची पद्धत आखली होती, तिचा रोख याच हिशेबावर होता : आरोपीने मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, विधी सेवा प्राधिकरणाने पीडिताच्या नुकसानीची चौकशी करायची, आणि दोन्ही कागद भरपाईसाठी न्यायालयापुढे ठेवायचे. वर्षे वाढवण्यासाठी अहवाल मागवलेला नव्हता.

निकालानंतर पंधरा दिवसांत पीडिताला निकालपत्राची मोफत प्रत आणि तिच्यासोबत मराठीत एक पान मिळावे : तुमच्या निवेदनातील कोणती बाब न्यायालयाने धरली, भरपाई किती, ती कधी व कुठून मिळेल, अपिलाची मुदत काय. विधी स्वयंसेवकाने ते वाचून दाखवावे. हे एक पान लिहायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. प्राधिकरण ते आपल्या परिपत्रकाने पुढच्या महिन्यापासून एखाद्या जिल्ह्यात सुरू करू शकते, आणि माझ्या न्यायालयात सुरू केल्यास पहिल्या खटल्यांचे नमुने भरून द्यायला मी तयार आहे.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक वकील